शंभरावा पेपर पहिल्यासारखाच तपासला जावा म्हणून

*प्रश्न : दादरच्या एका शाळेत दहावीला मराठी शिकवते. पूर्वपरीक्षेचे दोन तुकड्यांचे मिळून १२० पेपर, सहा दिवसांत द्यायचे. मी आधी ‘अ’ तुकडी संपवते, मग ‘ब’. गेल्या वेळी एका पालकांनी ‘अ’ आणि ‘ब’मधल्या दोन मुलींचे निबंध शेजारी ठेवले, आणि खरंच, सारख्याच निबंधाला मी एकीला साडेपाच आणि दुसरीला चार दिले होते. थकल्यावर हात आखडतो हे कळतं, पण तपासताना ते लक्षात येत नाही. काय करावं?*

तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळी मेख आहे. थकवा जाणवतो, पण गुण सरकलेले जाणवत नाहीत. डोळे चुरचुरतात, चहा प्यावासा वाटतो, तरी पेपरावर चार लिहिताना ते चार अगदी बरोबर वाटत असतात. म्हणून ‘ताजंतवानं राहून तपासा’ या सल्ल्याचा उपयोग मर्यादित. गुण सरकले की नाही हे मनाला विचारायचं नाही, पेपरांना विचारायचं. म्हणजे काय, ते तुमच्याच १२० पेपरांवर दाखवतो.

आधी मर्यादा सांगून टाकतो. हे सगळं शाळेच्या अंतर्गत परीक्षेसाठी आहे, कारण तिथे पेपर कुठल्या क्रमाने तपासायचे, गुण केव्हा लिहायचे हे तुमच्या हातात असतं. बोर्डाच्या उत्तरपत्रिका घेता तेव्हा नियामकांच्या सूचना चालतात. तिथे पेपरांची झेरॉक्स काढणं, गठ्ठे आपल्या मनाने फोडून मिसळणं यातलं काही करू नये. शिवाय एकच तुकडी असेल, पस्तीस-चाळीस पेपर असतील, तर पुढचं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल. त्रास साधारण साठ-सत्तर पेपरांपुढे आणि एकापेक्षा जास्त दिवस लागले की सुरू होतो.

आता पेपरातला कोणता भाग पणाला लागतो ते पाहू. ८० गुणांच्या पेपरात भाषाभ्यासाचे १६ गुण थकव्याने सरकत नाहीत. समास चुकला तो चुकला. तिथे थकव्याने होते ती निसटण्याची चूक : पान उलटायचं राहतं, एखादा उपप्रश्न तपासायचा राहतो, टोटल चुकते. त्यावर इलाज दुसऱ्याच्या नजरेचा आहे, तो शेवटी सांगतो. गुण सरकतात ते उपयोजित लेखनात, आणि त्यातही ८ गुणांच्या लेखनकौशल्याच्या प्रश्नात. तुमच्या पालकांनी नेमकं तेच शोधलं. म्हणून बाकी प्रश्नांचं थोडक्यात सांगून मी या आठ गुणांवरच थांबणार आहे.

पहिली गोष्ट, ‘अ’ मग ‘ब’ हा क्रम मोडा. या क्रमामुळे थकव्याचा भुर्दंड एका अख्ख्या तुकडीला बसतो, आणि तोही दर परीक्षेला त्याच तुकडीला. दोन्ही गठ्ठे सोडा, पत्ते पिसतात तसे एकमेकांत मिसळा, आणि २०-२० पेपरांचे सहा गठ्ठे करा. प्रत्येकाला वर चिठ्ठी लावून १ ते ६ आकडे द्या. नावाचं पान मागे दुमडून टाका. हजेरी क्रमांक पुन्हा लावायला शेवटी पंधरा-वीस मिनिटं जातील, पण ती जाऊ द्या.

दुसरी गोष्ट, पूर्ण पेपर एका दमात तपासू नका. एक प्रश्न धरा आणि १२० पेपरांत तोच तपासा. यात दोन फायदे आहेत. एक, डोक्यात एकच मोजपट्टी राहते. दुसरा, व्याकरणात १५ गुण घेतलेल्या मुलाचा निबंध आपोआप बरा वाटायला लागतो, ते टळतं. त्यावर एक पथ्य : पुढचा प्रश्न घेताना सुरुवात गठ्ठा १ पासून करू नका. निबंध १ पासून, पत्रलेखन ३ पासून, गद्य-पद्याच्या दीर्घोत्तरी कृती ५ पासून, असं फिरवा. म्हणजे कुठलाही मुलगा प्रत्येक प्रश्नात शेवटचा राहत नाही. थकवा तुम्हाला शून्यावर आणता येणार नाही, पण तो सगळ्यांत वाटून देता येतो.

वेळेचं गणित असं धरा. निबंधाला पेपरामागे २ मिनिटं, बाकीच्या उपयोजित लेखनाला अडीच, गद्य-पद्य-स्थूलवाचनाला मिळून साडेतीन आणि व्याकरणाला १. झाली ९ मिनिटं. १२० पेपरांचे १८ तास, म्हणजे सहा दिवस रोज तीन तास. निबंधाचा एक गठ्ठा ४० मिनिटांत होतो. एका बैठकीला निबंधाचा एकच गठ्ठा, दिवसाला दोन, आणि तेही शक्यतो दिवसाच्या पहिल्या तासा-दीड तासात. डोळे जड झाले की व्याकरणाकडे वळा, ते थोड्या मरगळीतही नीट होतं. (आणि लोकलमध्ये पेपर काढू नका. चौथ्या सीटवर अर्धं बसून, मांडीवर गठ्ठा घेऊन पत्रलेखन तपासणाऱ्या बाई सगळ्यांनी पाहिल्या आहेत. धक्क्यात एक पेपर बाकाखाली गेला की सगळी न्यायबुद्धी त्याच्यामागे जाते.)

आता मुख्य भाग. समजा यंदाचा प्रश्न आत्मकथनाचा आहे : ‘मी लोकलचा डबा बोलतोय’. आठ गुण एकगठ्ठा दिले की ते सरकणार हे नक्की. म्हणून आधी फोड करा. माझी फोड अशी असेल : तपशील ३, निवेदन २, रचना १, भाषा २. पण नुसती नावं लिहून भागत नाही, प्रत्येक गुण कशाला ते एका ओळीत लिहा. तपशिलात निव्वळ माहिती असेल (माझ्या गाडीला बारा डबे, मी चर्चगेट ते विरार धावतो) तर १. डब्याच्या नजरेने पाहिलेला एखादा प्रसंग असेल (भजनी मंडळ, पावसात रुळांवर पाणी येऊन तीन तास थांबलेली गाडी) तर २. त्या प्रसंगाबद्दल डब्याला काय वाटलं तेही आलं असेल तर ३. निवेदनात शेवटपर्यंत ‘मी’ टिकला तर २, मध्येच ‘लोकल ही मुंबईची जीवनवाहिनी आहे’ असा माहितीपर निबंध सुरू झाला तर १. रचनेत सुरुवात, मध्य आणि शेवट असेल तर १. भाषेचे २ गुण शुद्धलेखन आणि वाक्यरचना मिळून. अर्धा गुण द्यायचा की नाही तेही आत्ताच ठरवा. मधेच ठरवलंत तर पहिल्या गठ्ठ्यावर अन्याय होतो.

ही फोड केली तरी ती कागदावरची आहे. खऱ्या पेपरांवर तिचा अर्थ काय, हे ठरल्याशिवाय लाल पेन उघडू नका. सहा गठ्ठ्यांतून प्रत्येकी दोन, असे १२ पेपर काढा आणि त्यांचे निबंध नुसते वाचा. प्रत्येकाला तीन मिनिटं, म्हणजे सुमारे ३६ मिनिटं लागतील. यातून चार निवडा : एक २ गुणांचा, एक ४ चा, एक साडेपाचचा, एक ७ चा. त्यांच्या निबंधाच्या पानांची नाव न येईल अशी झेरॉक्स काढा, आणि प्रत्येकीवर चारही रकान्यांचे गुण आणि कारण लिहा. हे तुमचे नमुना पेपर. दर बैठकीच्या आधी हे चार पुन्हा वाचायचे. चार मिनिटं लागतात. तिसऱ्या दिवशी ‘मला पाठ आहेत’ असं वाटेल, तेव्हा तर नक्की वाचा.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये फिलिप हार्टोग (आपल्याकडच्या १९२९ च्या शिक्षणविषयक हार्टोग समितीचे अध्यक्ष तेच) आणि ऱ्होड्स यांनी एक तपासणी प्रसिद्ध केली. इतिहासाचे १५ पेपर १४ परीक्षकांनी तपासले आणि वर्ष-दीड वर्षाने त्यांनीच पुन्हा तपासले. एकूण २१० निकालांपैकी ९२ निकाल बदलले : नापास, पास आणि त्यावरची श्रेणी यांतला एक जाऊन दुसरा आला. तिथे मध्ये मोठा काळ गेला होता, त्यामुळे तो थकव्याचा पुरावा म्हणता येणार नाही. पण आपली मोजपट्टी आपल्याच डोक्यात जशीच्या तशी राहते, हा भरवसा ठेवू नये एवढं त्यातून दिसतं. डोक्यातली पट्टी सरकते, झेरॉक्सवरची सरकत नाही.

आता तपासायला बसा, पण गुण पेपरावर लिहू नका. दोनशेपानी वहीत तक्ता करा. पहिल्या रकान्यात तपासण्याचा क्रम (१ ते १२०), मग हजेरी क्रमांक, मग चार रकान्यांचे गुण, मग बेरीज. हजेरी क्रमांकाने नव्हे, तपासलेल्या क्रमाने लिहायचं, कारण गुण घसरले असतील तर ते याच क्रमात दिसतात. पेपरावर फक्त शुद्धलेखनाच्या चुकांखाली रेघ मारा. आकडा लिहू नका, ‘छान’, ‘अपूर्ण’ असे शेरेही नकोत. तेच पान परत पाहायचं झालं की आधीचा लाल आकडा नजरेला बांधून ठेवतो, आणि माणूस स्वतःशी सहमत होऊन मोकळा होतो. पेपरावर लाल शाईने सगळं एकदम शेवटी चढवा.

एक लहान सवय इथेच लावून घ्या. सात-साडेसात गुणांचा निबंध आला की त्याच्या पुढचा निबंध बिचारा मार खातो. दोन गुणांच्या निबंधामागून आलेला साधा निबंध सोन्याचा वाटतो. हे थकव्याशिवायही होतं, थकल्यावर जास्त होतं. अशा टोकाच्या पेपरानंतर आलेल्या पेपराच्या ओळीपुढे वहीत टिंब द्या. गठ्ठा संपला की टिंबवाले चार-पाच पेपर पुन्हा चाळा. तेवढं पुरतं.

गठ्ठा ३ संपला, ६० पेपर झाले. आता चाचणी. गठ्ठा १ मधले कुठलेही १० पेपर काढा. वहीचं ते पान दुमडून टाका, निबंध पुन्हा वाचा आणि गुण वेगळ्या कागदावर द्या. नमुना पेपर मात्र आत्ता वाचायचे नाहीत, कारण सध्या हात कुठे आहे तेच आपल्याला पाहायचं आहे. वीस मिनिटं लागतील. समजा निकाल असा आला.

पहिल्यांदा दिलेले : ५, ६, ३॥, ४, ७, ५॥, २, ६, ४॥, ५.

आत्ता दिलेले : ४॥, ५॥, ३॥, ३॥, ६॥, ५, २, ५, ४, ५.

इथे घाईने सरासरी काढू नका, आधी दिशा बघा. सात पेपर खाली आले, तीन जागीच राहिले, वर एकही गेला नाही. एकूण ४ गुण कमी झाले, पेपरामागे ०.४. जर चार वर गेले असते, तीन खाली आले असते, तर तो हाताचा नेहमीचा थरथराट. निबंधात अर्ध्या गुणाची चलबिचल चांगल्या परीक्षकाचीही होते, तिच्यामागे लागू नये. पण सगळे एकाच दिशेला गेले, म्हणजे पट्टीच सरकली आहे.

काही जण यापेक्षा सोपी वाट काढतात : गठ्ठा १ ची सरासरी आणि गठ्ठा ३ ची सरासरी यांची तुलना. ती फसवी आहे. गठ्ठे पिसलेले असले तरी २०-२० मुलांच्या दोन गटांत अर्ध्या गुणाचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. एखाद्या गठ्ठ्यात दोन हुशार मुलं जास्त आली की झालं. तेच पेपर दोनदा तपासले की मुलांमधला फरक हिशेबातून जातो आणि उरतो तो फक्त तुमचा फरक. म्हणून दहा पेपरांची ही चाचणी वीस-वीसच्या सरासरीपेक्षा जास्त खरं बोलते.

आता सगळ्यात मोठा मोह टाळायचा आहे : गठ्ठा ३ मधल्या सगळ्यांना अर्धा-अर्धा गुण वाढवून मोकळं होणं. वरच्या आकड्यांतच त्याचं उत्तर आहे. २ चा पेपर २ वरच राहिला, साडेतीनचा साडेतीनवर. घसरण मधल्या आणि वरच्या निबंधांत झाली. सरसकट अर्धा गुण वाढवला तर ज्याचं काही गेलं नव्हतं त्याला फुकट मिळेल, आणि ज्याचा एक गुण गेला त्याला निम्माच परत मिळेल.

त्याऐवजी रकाने बघा. समजा ४ गुणांपैकी ३ गुण तपशिलात गेले, सहा पेपरांत अर्धा-अर्धा, आणि उरलेला १ भाषेत, दोन पेपरांत अर्धा-अर्धा. म्हणजे हात सगळीकडे आखडलेला नाही, एका ठिकाणी आखडला आहे. तपशिलातले ते सहा पेपर शेजारी ठेवून वाचलेत की बहुधा एक गोष्ट सापडेल : सहाही जणांनी तोच प्रसंग लिहिला आहे. गर्दीच्या गाडीत थकलेले आजोबा चढले, एका कॉलेजच्या मुलाने उठून जागा दिली, आणि डब्याचं मन भरून आलं. पहिल्या गठ्ठ्यात हे आजोबा दुसऱ्यांदा भेटले तेव्हा तुम्ही ३ दिले होते. साठाव्या पेपरापर्यंत ते तीस वेळा चढून उतरले, आणि आता त्यांना पाहिलं की हात आपोआप अडीचवर जातो.

माझ्या मते थकवा म्हणतात त्यातला बराच भाग हाच असतो. शरीर दमलेलं असतंच, पण त्याहून जास्त कंटाळा आलेला असतो, आणि कंटाळ्याचं बिल आपण मुलांच्या नावावर फाडतो. मुलाने तो प्रसंग एकदाच लिहिला आहे. तीस वेळा तो तुम्ही वाचला.

पण इथे एक उलटी शक्यताही आहे, आणि ती टाळून पुढे जाणं प्रामाणिक नव्हे. कदाचित नंतरचे गुणच बरोबर असतील. पहिल्या गठ्ठ्यात तुम्हाला माहीत नव्हतं ते साठ पेपर वाचून कळलं असेल. उदाहरणार्थ, त्या सहांपैकी दोघांची वाक्यं शब्दशः सारखी आहेत, ‘माझ्या लोखंडी काळजालाही पाझर फुटला’ इथपर्यंत, आणि तीच वाक्यं तिसऱ्या गठ्ठ्यातही दिसली. म्हणजे परिच्छेद गाइडमधला आहे. पहिल्यांदा वाचताना तो त्या मुलाचा वाटला होता.

मग शिकणं कुठलं आणि थकणं कुठलं, हे ओळखायचं कसं? माझी कसोटी साधी आहे. गुण का बदलला याचं कारण एका वाक्यात, नियम म्हणून वहीत लिहिता येतं का? ‘प्रसंग गाइडमधला शब्दशः असेल तर तपशिलात २ च्या वर नाही’ हा नियम झाला. तो लिहिता येतो, पालकांना सांगता येतो, आणि कुठल्याही पेपराला लावता येतो. म्हणजे हे शिकणं. ‘आजोबांचा प्रसंग फार जणांनी लिहिलाय’ हे नियम म्हणून लिहून बघा, लिहितानाच लाज वाटेल. एका मुलाचा गुण बाकीच्यांनी काय लिहिलं त्यावरून कसा कमी होईल? म्हणजे हे थकणं.

शिकलेलं असेल तर नियम घेऊन गठ्ठा १ पासून मागे जायचं आणि सगळ्यांना सारखा लावायचा, पहिल्यांदा सुटलेल्यांनाही. थकलेलं असेल तर जुना गुण परत आणायचा. आपल्या उदाहरणात शब्दशः उतरवलेल्या दोघांचा नवा निवाडा नियमाने पक्का होईल, आणि तो आकडा आता अडीच नाही तर २ असेल. स्वतःच्या शब्दांत आजोबा लिहिलेल्या चौघांना त्यांचे ३ परत. (गाइडमधलं लिहिलं म्हणून गुण कमी करावेत का, यावर शिक्षकांत दोन तट आहेत. मला २ ची मर्यादा पटते, शून्य पटत नाही. घोकायलाही कष्ट पडतात, आणि प्रश्नपत्रिकेत ‘स्वतःच्या शब्दांत’ असं छापलेलं नसेल तर मुलाचा दोष अर्धाच. तुम्ही काहीही ठरवा, १२० जणांना एकच ठरवा.) भाषेतल्या दोघांसाठी नियम सापडला नाही, तर तेही जुन्या गुणांवर परत.

मग प्रश्न उरतो, पट्टी कुठून सरकली? चार नमुना पेपर वाचा, आणि गठ्ठा २ मधले पाच आणि गठ्ठा ३ मधले पाच पेपर पुन्हा तपासा. गठ्ठा २ जागेवर असेल आणि ३ घसरलेला असेल तर फक्त ३ पुन्हा करायचा, तोही तपशील आणि भाषा या दोनच रकान्यांचा. त्याला ४० ऐवजी २५ मिनिटं पुरतात. दोन्ही घसरले असतील तर दोन्ही करावे लागतील, त्यात सुटका नाही. गठ्ठा ६ नंतर पहिल्या गठ्ठ्यातल्या उरलेल्या १० पेपरांवर हीच चाचणी पुन्हा करा. तेवढ्याने शेवटच्या साठांचाही हिशेब लागतो.

आखडलेला हात चाचणीत पकडता येतो, पण आणखी एक प्रकार आहे जो अशा बेरजेत लपतो. दमलेला परीक्षक नेहमी कडकच होतो असं नाही, तो पुष्कळदा मध्यात जाऊन बसतो. साडेचार, पाच, साडेचार, पाच. चांगल्याला सात देण्याची हिंमत होत नाही आणि वाईटाला दीड देऊन कारण सांगायचं त्राण नसतं. अशा वेळी चाचणीत दोन वर जातात, दोन खाली येतात, बेरीज शून्य होते आणि सगळं आलबेल वाटतं. म्हणून वर कोण गेलं आणि खाली कोण आलं ते पाहा. २ चा साडेतीन आणि ७ चा साडेपाच झाला असेल तर हा तोच आजार. वहीतही तो दिसतो : गठ्ठा १ मध्ये सगळ्यात कमी दीड आणि सगळ्यात जास्त साडेसात असेल, आणि गठ्ठा ५ मध्ये साडेतीन ते सहा एवढंच उरलं असेल, तर संशय घ्या. दुसरी खूण घड्याळाची. पहिल्या गठ्ठ्याला ४० मिनिटं लागली आणि पाचव्याला २६, तर तुम्ही पटाईत झाला नाहीत, मधला परिच्छेद वाचणं सोडलंय. थोडा वेग सवयीने वाढतोच, ३५ मिनिटांपर्यंत मी बोलणार नाही. म्हणून प्रत्येक गठ्ठ्याची सुरुवात-शेवटाची वेळ चिठ्ठीवर लिहा. या आजारावर औषध म्हणजे रकाने. बेरीज आधी मनात ठरवून मग ती चार रकान्यांत वाटून टाकायची, ही लबाडी दमल्यावर सगळेच करतात. रकाने डावीकडून भरा, बेरीज गठ्ठा संपल्यावर एकदम करा.

या सगळ्याचा खर्च किती? नमुने निवडायला ३६ मिनिटं, सहा बैठकींच्या आधी वाचायला २४, दोन चाचण्यांना ४०. शंभर मिनिटं, म्हणजे १८ तासांत पावणेदोन तास धरा, आणि घसरण सापडली तर दुरुस्तीचे वरचे. सहा दिवसांत तेवढंही शक्य नसेल तर काय सोडायचं? पत्रलेखनाला नमुना पेपर नकोत, त्याच्या मायन्याला आणि मांडणीला गुणांची फोड पुरते. टिंबांची सवय सोडा. गठ्ठा ६ नंतरची चाचणी पाच पेपरांवर आणा. पण पेपर पिसणं आणि गठ्ठा ३ नंतरची चाचणी सोडू नका. पहिल्याला फारसा वेळ लागत नाही, आणि दुसरीशिवाय बाकी सगळं अंदाजपंचे.

व्याकरण आणि टोटलचं सांगायचं राहिलं होतं. तिथे स्वतःचंच पुन्हा पाहून फारसा उपयोग नाही, डोळा ज्या जागी घसरला तिथेच पुन्हा घसरतो. स्टाफरूममधल्या एखाद्या सहकारी बाईंशी अदलाबदल करा. त्यांनी तुमच्या पेपरांत दोनच गोष्टी बघायच्या : प्रत्येक लिहिलेल्या पानावर लाल शाईची खूण आहे का (कोऱ्या जागी तिरकी रेघ मारायची म्हणजे ‘पाहिलं’ हे कळतं), आणि पहिल्या पानावरची बेरीज आतल्या गुणांशी जुळते का. पेपरामागे अर्धं मिनिट, १२० चा एक तास. त्यांच्या पेपरांचा एक तास तुम्ही द्या.

पालकसभेत पुन्हा कुणी दोन निबंध शेजारी ठेवले तर वही उघडा आणि चार रकाने दाखवा, मात्र त्यांच्या मुलीच्या ओळीपुरते, बाकी ओळींवर कागद धरून. ‘हिला निवेदनात १, कारण तिसऱ्या परिच्छेदापासून डबा बोलायचा थांबला’ एवढं सांगता आलं की चर्चा आकड्यावरून निबंधावर येते. आणि दाखवताना तुमच्याच लक्षात आलं की दोन रकाने खरोखर जुळत नाहीत, तर तिथल्या तिथे आकडा बदलू नका. पेपर ठेवून घ्या, नमुने वाचा, त्या मुलीच्या आधीचे आणि नंतरचे पाच-पाच पेपरही काढून बघा. तिचा एकटीचा गुण चुकला असेल तर तिचा दुरुस्त करा. त्या भागातले सगळेच घसरलेले दिसले तर ज्यांचे पालक सभेला आलेच नाहीत त्यांचेही करा, आणि मग सुधारित गुणतक्ता कार्यालयात द्या.